बिलावरून खात्यापर्यंत

2022 साली महाराष्ट्रभर मोबाइलवर एक मेसेज फिरत होता. मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, म्हणून आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब अमुक नंबरवर वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा, असा त्याचा मजकूर. महावितरणच्या नांदेड आणि लातूर परिमंडळांत लाइट जाणं नवलाचं नाही, त्यामुळे मेसेज वाचून पोटात गोळा यायला वेळ लागत नाही. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून मोबाइलचा पडदा दुरून पाहता येईल असं एखादं अॅप टाकायला लावायचा, मग दहा रुपये भरून बघा म्हणायचा आणि त्या दहा रुपयांसोबत बँकेचं खातं रिकामं व्हायचं.

त्या मेसेजमध्ये एक गोष्ट उघड खोटी होती. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सकाळी मेसेज आणि रात्री अंधार, असं कायद्यात बसतच नाही. पण सगळ्याच फसव्या मजकुरात अशी ढोबळ चूक सापडेल असं नाही. बिलात सवलत, सौर पंपाची नोंदणी, नव्या मीटरची तक्रार अशा अगदी खऱ्या वाटणाऱ्या विषयांवर बोलणारी फेसबुक पानं, व्हॉट्सअॅप नंबर आणि एक्सवरची खाती असतात. तिथे मजकुरावर डोकं खपवण्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा: हे बोलणारं खातं त्या कंपनीचं आहे, हे कंपनी स्वतः कुठे सांगते का?

या प्रकरणात आपण महावितरणचंच उदाहरण घेऊन तो प्रश्न शेवटपर्यंत नेऊ. कंपनीचं पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित. 2005 साली जुन्या वीज मंडळाचे भाग पडले तेव्हा ती वेगळी झाली. गावाकडे अजून अनेकजण तिला एमएसईबीच म्हणतात आणि खोटी पानं काढणाऱ्यांना या सवयीचा फायदा होतो, कारण नावात काहीही घातलं तरी वाचणाऱ्याला ते ओळखीचं वाटतं.

सुरुवात कुठून करायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक लोक गुगलवर "महावितरण कस्टमर केअर" असं शोधतात आणि पहिला येईल तो दुवा उघडतात. पण शोधाच्या अगदी वर येणारे काही दुवे जाहिराती असतात, त्यावर बारीक अक्षरांत Sponsored असं लिहिलेलं असतं आणि ती जागा पैसे देऊन मिळते. सुरुवात अशा ठिकाणाहून करावी जिथे फसवणाऱ्याचा हात पोचत नाही. महावितरणच्या बाबतीत ती जागा आपल्या घरातच आहे: मागच्या महिन्याचं छापील बिल. त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, कंपनीचे टोल फ्री नंबर असतात आणि संकेतस्थळाचा पत्ताही असतो: www.mahadiscom.in. हे बिल दर महिन्याला तुमच्या मीटरच्या नोंदीवरून निघतं, त्यातले युनिट तुमच्या मीटरशी ताडून बघता येतात. म्हणजे हा कागद खरा आहे, याला तुमचं मीटर साक्षीदार आहे. पत्ता तिथून वाचून ब्राउझरच्या वरच्या पट्टीत स्वतः अक्षर अक्षर टाइप करावा.

आता पत्ता वाचायचा कसा, ते नीट समजून घेऊ, कारण निम्मी फसवणूक तिथेच होते. पत्त्यात https:// नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या डावीकडचा भाग घ्या आणि तो उजवीकडून वाचा. बिल पाहण्यासाठी महावितरणचं एक पान wss.mahadiscom.in इथे आहे. उजवीकडून वाचलं तर आधी in, मग mahadiscom, मग wss. मालक ठरतो तो शेवटच्या दोन तुकड्यांवरून, इथे mahadiscom.in. त्याच्या डावीकडे मालक हवं ते लावू शकतो, म्हणून wss हा तुकडा अनोळखी वाटला तरी घाबरायचं कारण नाही. उलट कुणी mahadiscom.in.bill-bharna.com असा पत्ता बनवला, तर डोळ्यांना आधी mahadiscom.in दिसेल, पण उजवीकडून वाचल्यावर मालक bill-bharna.com निघतो. महावितरणचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पत्त्याच्या शेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हानेही दिलासा मानू नये. तुमच्या आणि त्या पानाच्या मधली माहिती दुसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय याची हमी ते देत नाही, आणि ते फुकटातही मिळतं.

पत्त्याच्या शेपटीचाही थोडा विचार हवा. .gov.in हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो, आणि तिथे नियम दोन तुकड्यांऐवजी तीन तुकड्यांवर जातो: mnre.gov.in हा केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा पत्ता. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने .bank.in हा राखीव शेवट आणला आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे जायला बँकांना सांगितलं. पण नुसता .in कुणालाही थोड्या पैशांत विकत मिळतो. महावितरणचा पत्ता .in मध्ये संपतो, म्हणून तो शेवट स्वतः काहीच सिद्ध करत नाही. म्हणूनच छापील बिलाकडे जायला लागतं.

सौर पंपाच्या बाबतीत काय झालं ते पाहिलं की हे पटतं. कुसुम योजना सुरू झाल्यावर तिच्या नावाने खोटी संकेतस्थळं उगवली आणि ती शेतकऱ्यांकडून नोंदणी शुल्क आणि पंपाचे पैसे मागू लागली. केंद्रीय मंत्रालयाला जाहीर इशारे द्यावे लागले आणि त्यात www.pmkisankusumyojana.co.in, www.kusumyojanaonline.in.net असे पत्ते नावानिशी दिले होते. ही नावं पुन्हा वाचून पाहा. पीएम, किसान, कुसुम, योजना, ऑनलाइन, शेतकऱ्याच्या मनात असलेले सगळे शब्द त्यात आहेत. आणि खरा पत्ता? pmkusum.mnre.gov.in. मध्येच mnre अशी चार अक्षरं, जी कुणाला लक्षात राहत नाहीत. फसवणारा माणूस तुम्ही काय शोधणार याचा विचार करून नाव घेतो. खरी संस्था तिच्या जुन्या कारभारातून पडलेलं नाव वापरते. त्यामुळे खोटं नाव खऱ्यापेक्षा जास्त खरं वाटतं. नाव शोभतंय म्हणून विश्वास ठेवला तर आपण हमखास चुकीच्या बाजूला जाऊन पडतो.

खरं संकेतस्थळ उघडलं, आता खात्याकडे वळू. बहुतेक कंपन्यांच्या मुख्य पानावर, अगदी वर किंवा अगदी तळाशी, फेसबुक, एक्स, यूट्यूबची छोटी चिन्हं असतात. त्या चिन्हावर बोट ठेवून जे खातं उघडतं, ते कंपनीने स्वतः दाखवलेलं खातं. महावितरणचं एक्सवरचं खातं @MSEDCL या नावाचं आहे. इथे दिशेला फार महत्त्व आहे. एखाद्या फेसबुक पानाच्या माहितीत mahadiscom.in लिहिलेलं असेल, तर त्याने काहीही सिद्ध होत नाही. ते कुणीही लिहू शकतं, तिथे चिन्हही लावू शकतं, बिलाचा फोटोही टाकू शकतं. पण mahadiscom.in या पानावर स्वतःच्या खात्याचा दुवा लावणं बाहेरच्या माणसाला शक्य नाही, त्यासाठी त्या संकेतस्थळाचा ताबा हवा. खात्याने कंपनीकडे बोट दाखवणं हा दावा असतो, कंपनीने खात्याकडे बोट दाखवणं ही ओळख असते. म्हणून खात्यावरून संकेतस्थळाकडे गेलेला माणूस फसू शकतो, संकेतस्थळावरून खात्याकडे आलेला सहसा फसत नाही.

मग त्या निळ्या टिकचं काय? बरेच लोक तिथेच थांबतात, आणि एकेकाळी ते चुकीचंही नव्हतं. ट्विटरवर पूर्वी कंपनी, नेता किंवा पत्रकार खरोखर तोच आहे हे तपासून टिक दिली जायची. नोव्हेंबर 2022 मध्ये इलॉन मस्क यांनी ती पैसे भरणाऱ्या कुणालाही खुली केली. लगेचच 10 नोव्हेंबरला @EliLillyandCo या नावाच्या, टिक असलेल्या खात्यावरून इन्सुलिन आता फुकट मिळणार अशी घोषणा आली. एली लिली ही इन्सुलिन बनवणारी मोठी अमेरिकी औषध कंपनी. खातं कुण्या भलत्याचंच होतं, पण पोस्ट कित्येक तास तशीच राहिली आणि कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला. तो खुलासा ज्या खऱ्या खात्यावरून आला, त्याचं नाव त्या वेळी @LillyPad होतं. म्हणजे कंपनीचं पूर्ण नाव खोट्याकडे आणि टोपणनावासारखं नाव खऱ्याकडे. कुसुमच्या पत्त्यांत जे दिसलं तेच इथे. ज्याने कंपनीच्या संकेतस्थळावरून दुवा धरला असता, त्याला अर्ध्या मिनिटात फरक कळला असता.

आज एक्सवर निळी टिक म्हणजे वर्गणी भरलेली आहे, एवढाच अर्थ काढावा. सोनेरी टिक संस्थांसाठी आणि करडी टिक सरकारी खात्यांसाठी असते, त्यांचं वजन निळ्यापेक्षा जास्त. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरही 2023 पासून मासिक पैसे भरून टिक मिळते. तिथे ओळखपत्र तपासतात, म्हणून ती अगदीच पोकळ नाही, पण पूर्वी तपासून दिलेली आणि आता विकत घेतलेली टिक दिसायला सारखीच. टिक नसणं हाही खोटेपणाचा पुरावा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कितीतरी खऱ्या संस्थांनी ती घेतलेली नाही. टिकला साक्षीदारांपैकी एक मानावं, न्यायाधीश मानू नये.

टिकपेक्षा जास्त बोलकी गोष्ट फेसबुक स्वतःच दाखवतं, पण तिकडे फारसं कुणी जात नाही. समजा, मुखेड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला "महावितरण सौर पंप नोंदणी, नांदेड लातूर" अशा नावाचं पान दिसलं. वर महावितरणचं बोधचिन्ह, खाली पंपाचे फोटो, हजारो लाइक, आणि नोंदणीसाठी एक मोबाइल नंबर. त्याने पानाच्या About भागात जाऊन Page transparency उघडलं. तिथे पान कधी तयार झालं, त्याची आधीची नावं काय होती आणि ते चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे नोंदलेलं असतं. समजा तिथे दिसलं की पान चार वर्षांपूर्वी सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव एका गाण्यांच्या पानाचं होतं आणि तीन आठवड्यांपूर्वी ते बदललं. एवढ्यावर निकाल लागला. ते हजारो लाइक गाण्यांना मिळालेले आहेत, महावितरणला नाहीत. जुनं पान विकत घेऊन नवं नाव चढवणं ही या धंद्यातली नेहमीची रीत आहे, म्हणून फॉलोअरचा आकडा मी पुराव्यात धरतच नाही. इन्स्टाग्रामवर हीच माहिती About this account मध्ये मिळते: खातं कधी उघडलं, कुठून चालतं, टिक कधी मिळाली. वीस वर्षांच्या कंपनीचं खातं मागच्या महिन्यात जन्मलेलं असेल, तर त्याला कारण विचारायलाच हवं.

त्या शेतकऱ्याला उलटी वाटही मोकळी आहे. बिलावरचा पत्ता टाइप करायचा आणि सौर पंपाचा अर्ज त्या संकेतस्थळावरच शोधायचा. "मागेल त्याला सौर कृषी पंप" या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के वाटा भरावा लागतो. म्हणजे पैसे मागणं हे इथे खोटेपणाचं लक्षण ठरत नाही, आणि म्हणूनच खोट्या पानांना हा विषय आवडतो. फरक पडतो तो पैसे कुठे जातात यात. खऱ्या योजनेत ते अर्जाच्या क्रमांकावर, कंपनीच्या पोर्टलवरून भरायचे असतात. कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवर यूपीआयने पाठवायला सांगितलं, तर ते पान कितीही देखणं असो, व्यवहार तिथेच थांबवावा.

व्हॉट्सअॅपचं गणित थोडं वेगळं आहे, आणि आपल्याकडे बरीच फसवणूक तिथून होते. नावाखाली Business account असं दिसलं की लोकांना ते सरकारी शिक्क्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप फुकट आहे. किराणा दुकानदार, शिकवणीवाले, कुणीही ते टाकून हवं ते नाव आणि बोधचिन्ह लावू शकतं. पडताळलेल्या खात्याची टिक नावाच्या शेजारी येते, ती नाव दाबून उघडलेल्या माहितीच्या पानावरही दिसते. गोल फोटोच्या आत काढलेली टिक म्हणजे नुसतं चित्र. फोटो मोठा करून पाहा, टिक फोटोबरोबर मोठी झाली तर ती रंगवलेली आहे. आणि अशा नंबरवरून शेवटी .apk असलेली फाइल आली, तर नंबर कुणाचा हे तपासत बसायची गरजच नाही, ती उघडू नये.

साध्या एसएमएसलाही अशी ओळख असते. महावितरणने वेळोवेळी सांगितलं आहे की तिचे मेसेज VM-MSEDCL, VK-MSEDCL, AM-MSEDCL, JM-MSEDCL अशा शीर्षकांनी येतात, कुठल्याही वैयक्तिक दहा आकडी नंबरवरून येत नाहीत. पुढची दोन अक्षरं दूरसंचार कंपनी आणि तिचं मंडळ सांगतात, म्हणून ती बदलतात. मुख्य भाग MSEDCL. अशी शीर्षकं कुणाच्या नावे नोंदलेली आहेत, हे दूरसंचार नियामक ट्रायच्या smsheader.trai.gov.in या पानावर शोधता येतं. 2022 चे ते साडेनऊचे मेसेज साध्या मोबाइल नंबरांवरून येत होते, आणि ते खोटे ठरवायला एवढं एकच निरीक्षण पुरेसं होतं.

या सगळ्या पद्धतीला मर्यादा आहेत, त्या लपवून चालणार नाही. खातं कंपनीचंच आहे याचा अर्थ आत्ता लिहिणारा माणूसही कंपनीचाच आहे असा होत नाही. 21 सप्टेंबर 2025 रोजी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं एक्सवरचं खातं हॅक झालं आणि त्यावर पाकिस्तान आणि तुर्कस्तानचे झेंडे दिसू लागले. झेंडे दिसले म्हणून लगेच लक्षात आलं. त्याऐवजी एखाद्या कंपनीच्या खात्यावर शांतपणे "बिल भरायचा नवा दुवा" टाकला गेला असता, तर कळायला वेळ लागला असता. म्हणून खऱ्या खात्यावरचा दुवासुद्धा पैशाचा विषय आला की उजवीकडून वाचावा, आणि तीच सूचना संकेतस्थळावर आहे का ते बघावं.

दुसरी मर्यादा माहितीची. फोन करणारा तुमचं नाव आणि बिलाची रक्कम बरोबर सांगतो, तेव्हा तो महावितरणचाच असणार असं वाटतं. पण बिल भरण्याच्या कुठल्याही अॅपवर ग्राहक क्रमांक टाकला की नाव आणि रक्कम दिसते, आणि तो क्रमांक दाराबाहेर पडलेल्या जुन्या बिलावरही असतो. तुमची माहिती असणं म्हणजे अधिकार असणं नव्हे.

तिसरी मर्यादा आपल्याच गावातली. एखाद्या उपविभागाच्या अभियंत्याने ग्राहकांसाठी व्हॉट्सअॅप गट काढलेला असतो, लाइट कधी येणार ते तिथे कळतं, आणि तो गट खराच असतो. पण मुंबईच्या मुख्यालयाच्या संकेतस्थळावर त्याचा दुवा सापडणार नाही. असा गट बातमीसाठी वापरायला हरकत नाही. तिथे कुणी पैसे, ओटीपी किंवा एखादं अॅप मागितलं, की मात्र बिलावरच्या 1912 किंवा 1800-233-3435 या नंबरवर आपण स्वतः फोन लावून विचारावं. आलेल्या फोनवर खात्री मागू नये. आपण लावलेल्या फोनवर मागावी.

पैसे गेलेच तर पहिल्या तासाला फार किंमत असते. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. तक्रारीसोबत स्क्रीनशॉट द्याल तेव्हा पानाचं ठळक नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका. ते नाव एका मिनिटात बदलतं. @ ने सुरू होणारं खात्याचं नाव, पानाचा पूर्ण पत्ता आणि समोरच्याचा नंबर त्यात दिसला पाहिजे. आणि आज घरात बिल समोर असेल तर एवढं करून ठेवा: त्यावरचा पत्ता मोबाइलमध्ये टाइप करून बुकमार्क करा, तिथल्या चिन्हांवरून कंपनीची खाती उघडून फॉलो करा, आणि घरातल्या ज्या मोठ्या माणसाच्या नावावर मीटर आहे, त्यांच्या मोबाइलमध्येही तेच करून द्या.